ऑफिसच्या मोठ्या मेल-यादीला रिप्लाय ऑल कधी करावं? (आणि हा मसुदा कसा छाटू?)

कांजूरकर | शुक्रवार, संध्या. ६.५२

ऑफिस पवईत. आज प्रशासन विभागाची मेल आली की सोमवारपासून कंपनीच्या बसची जागा आणि वेळ बदलतेय. मेल मुंबईच्या सगळ्या कर्मचाऱ्यांच्या यादीला गेली आहे. यादीत १,१८० माणसं, त्यातली बस वापरणारी साधारण १६०.

मेलच्या मजकुरात बस 'कांजूरमार्ग पश्चिम' इथून ८.४० ला सुटेल असं आहे. सोबत जोडलेल्या वेळापत्रकात तीच बस 'कांजूरमार्ग पूर्व' लिहिली आहे. चूक सगळ्यांना गेली, तर दुरुस्तीही सगळ्यांना जायला हवी असं वाटून मी रिप्लाय ऑलमध्ये पुढचा मसुदा लिहिला. अजून पाठवलेला नाही. (ऑफिसात इंग्रजीत जाईल, इथे मराठीत देतो.)

> सर्वांना नमस्कार. सविस्तर माहितीबद्दल प्रशासन टीमचे मनःपूर्वक आभार. मेल वाचताना असं लक्षात आलं की मजकुरात बस पश्चिमेहून सुटेल असं म्हटलंय, पण वेळापत्रकात पूर्व आहे. नेमकं काय बरोबर? सकाळच्या गर्दीत पूल ओलांडायला वेळ लागतो, त्यामुळे लोकांची बस चुकेल. तसंच ८.४० ऐवजी ८.३० केल्यास अनेकांची सोय होईल. मागच्या महिन्यात संध्याकाळची ६.१५ ची बस दोनदा आलीच नव्हती, त्याचाही खुलासा व्हावा. माझ्या बसपासचं नूतनीकरण प्रलंबित आहे, कर्मचारी क्रमांक खाली देत आहे. इतरांनाही असे प्रश्न असतील तर त्यांनी इथेच कळवावं, म्हणजे सगळं एकत्र सुटेल.

पाठवू का? आणि लांब वाटत असेल तर काय कापू?

---

जुई_मुलुंड | ७.०५

पाठव. चूक चारचौघांत झाली, तर दुरुस्तीही चारचौघांत व्हावी. तू एकट्यालाच विचारलंस तर उत्तर एकट्यालाच मिळेल आणि बाकीचे १५९ सोमवारी चुकीच्या बाजूला उभे राहतील.

---

मेलमास्तर | ७.३१

पाठवू नका. मी मेल-सर्व्हरचं काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

जुई, तुमचं निम्मं पटलं. दुरुस्ती सगळ्या बसवाल्यांपर्यंत पोचायलाच हवी. पण कांजूरकरांच्या हातात दुरुस्ती नाही, प्रश्न आहे. पूर्व की पश्चिम हे त्यांना माहीत नाही. त्यांचा प्रश्न १,१८० जणांना गेला तर त्यातल्या १,१७८ जणांना उत्तर माहीत नसेल, तरी काहीजण देतील. "मला वाटतं पश्चिमच", "मागच्या वर्षी पूर्वेला होती", "ड्रायव्हरला विचारा". अशी पाच उत्तरं पडली की प्रशासनाचं खरं उत्तर त्यांच्यात बुडतं.

मी एकच कसोटी लावतो: ही मेल वाचून कोण वेगळं वागणार आहे? जो वेगळं वागणार त्यालाच ती जावी. या प्रश्नावर काही करू शकणारे दोघंच, मेल पाठवणारी व्यक्ती आणि बसचं काम बघणारा डेस्क. उत्तर आलं की त्यावर १६० जण वेगळं वागणार. उरलेले हजार दोन्ही वेळेला काहीच करणार नाहीत, फक्त मेल उघडून बंद करतील. एकाला २० सेकंद धरले तर १,१८० जणांचे साडेसहा तास होतात, आणि ते एका मेलचे.

मसुद्यातलं सगळ्यात धोकादायक वाक्य शेवटचं आहे: "इतरांनी इथेच कळवावं." बाकी काही कापा न कापा, ते आधी काढा.

---

सोसायटीसचिव_दहिसर | ७.४४

आमची अडचण उलटी आहे. २१२ फ्लॅट, सगळ्यांना मेल करतो, उत्तर कुणीच देत नाही. रिप्लाय ऑल करायला लोकांना कसं प्रवृत्त करावं? सर्वसाधारण सभेच्या नोटिशीवरही कुणी बोलत नाही.

---

मेलमास्तर | ७.५०

सचिवसाहेब, तुम्हाला हवं आहे ते रिप्लाय, रिप्लाय ऑल नव्हे. २१२ जणांनी सगळ्यांना उत्तर दिलं तर तुम्हीच यादी बंद कराल. "१५ तारखेपर्यंत फक्त हो किंवा नाही एवढं मला कळवा" असं एकच वाक्य नोटिशीच्या पहिल्या ओळीत टाकून बघा. बाकीचं वेगळ्या धाग्यावर बोलू.

---

नीरजा | ७.५८

मला तर 'मम' म्हणणाऱ्यांचीच भीती वाटते. पूजेत गुरुजी सांगतील तिथे 'मम' म्हणायचं असतं, ऑफिसात मेल आली की न सांगता म्हणतात. या मेलवर आत्तापर्यंत किती 'थँक यू' आले?

---

कांजूरकर | ८.०३

चार. एकाने अंगठा पाठवलाय.

---

मंदार_ऐरोली | ८.१५

इतका विचार कशाला? प्रशासनाने मुळातच यादी `Bcc` मध्ये टाकून पाठवायला हवं होतं. मग कुणी रिप्लाय ऑल दाबलं तरी उत्तर फक्त पाठवणाऱ्याकडे जातं. तेही नको असेल तर आउटलुकमध्ये Options खाली `Direct Replies To` असतं. तिथे बस डेस्कचा पत्ता दिला की सगळी उत्तरं तिकडे वळतात, रिप्लाय ऑलसुद्धा. प्रश्न संपला.

---

मेलमास्तर | ८.४०

मंदार, `Bcc` चं बरोबर आहे. `Direct Replies To` चं अर्धंच बरोबर, आणि लोक नेमके तिथेच फसतात. त्या सेटिंगने साधा रिप्लाय वळतो. रिप्लाय ऑल दाबलं तर वळवलेला पत्ता येतोच, पण मूळ मेलच्या To आणि Cc मधले सगळेही येतात. यादी To मध्ये असेल तर ती तशीच राहते. म्हणजे हे सेटिंग असलं तरी यादी `Bcc` मध्ये हवीच.

`Bcc` चीही एक गोम आहे. बऱ्याच जणांनी 'या यादीला आलेली मेल अमुक फोल्डरमध्ये टाक' असा नियम लावलेला असतो. यादी `Bcc` मध्ये असली की तिचा पत्ता मेलवर दिसत नाही, त्यामुळे असा नियम लागत नाही आणि मेल सरळ इनबॉक्समध्ये पडते. शिवाय ही मेल आपल्याला का आली हेही वाचणाऱ्याला कळत नाही. म्हणून पाठवणाऱ्याने पहिल्या ओळीत लिहावं: "ही मेल मुंबईतल्या सर्व कर्मचाऱ्यांच्या यादीला पाठवली आहे."

पण हे सगळं पाठवणाऱ्याच्या हातातलं. कांजूरकरांकडे आलेल्या मेलमध्ये यादी To मध्येच आहे. त्यांना आज काय करता येईल ते बघू.

---

शब्दकात्री | ९.१०

मसुद्याकडे वळते. संपादनाचं काम करते, त्यामुळे हात शिवशिवतो.

एका मेलमध्ये चार गोष्टी आहेत आणि चारींचे वाचक वेगळे आहेत. पूर्व-पश्चिम हा प्रश्न मेल पाठवणाऱ्याला आणि बस डेस्कला. ८.३० ची मागणी ही सूचना आहे, ती फक्त डेस्कला आणि घाईची नाही. ६.१५ ची न आलेली बस ही तक्रार, ती तारखांसकट वेगळी जायला हवी. 'दोनदा' म्हटल्यावर डेस्कला शोधताच येणार नाही. बसपास आणि कर्मचारी क्रमांक ही खाजगी बाब, यादीत तिला जागाच नाही.

म्हणून आधी शब्द कापू नका, आधी माणसं वेगळी करा. शब्द आपोआप कमी होतात. पहिल्या गोष्टीपुरता मसुदा असा:

> विषय: सोमवारची ८.४० ची बस: कांजूरमार्ग पूर्व की पश्चिम?
>
> आजच्या मेलच्या दुसऱ्या परिच्छेदात 'पश्चिम' आहे, जोडलेल्या वेळापत्रकाच्या तिसऱ्या ओळीत 'पूर्व'. बरोबर कोणतं?
> सोमवारी सकाळी बस असल्यामुळे दुरुस्ती रविवारपर्यंत बसवाल्यांना मिळायला हवी.
> सोयीसाठी तयार ओळ: "दुरुस्ती: सोमवारपासून सकाळी ८.४० ची बस कांजूरमार्ग ____ इथून सुटेल. याच्याशी न जुळणारा आधीचा मजकूर रद्द समजावा."

शेवटची तयार ओळ मुद्दाम दिली आहे. पाठवणाऱ्याला फक्त रिकामी जागा भरून पुढे पाठवायची आहे. शुक्रवारी संध्याकाळी नव्याने मेल लिहायला कुणी बसत नाही, पण एक शब्द भरतील.

आभार काढले, कारण आभार मानायचे तर दुरुस्ती झाल्यावर मानता येतील. 'असं लक्षात आलं की' काढलं. पुलावरच्या गर्दीचं कारणही काढलं. पूर्व आणि पश्चिम चुकलं तर काय होतं हे मुंबईत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

---

जुई_मुलुंड | ९.२२

मसुदा छान झाला, मानलं. पण माझा मुद्दा अजून उभाच आहे. हा घोळ दिसलेले ६० जण असे वेगवेगळे ६० प्रश्न पाठवतील. प्रशासनाच्या माणसाने ६० उत्तरं द्यायची? त्यापेक्षा एकाने सगळ्यांसमोर विचारलं तर ५९ जण गप्प बसतील.

---

मेलमास्तर | ९.४५

हा मुद्दा खरा आहे, आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ५० जणांच्या टीममध्ये मीही सगळ्यांसमोरच विचारेन. तिथे बहुतेकांना तो प्रश्न लागू असतो आणि उत्तर देणारा त्याच टीममध्ये बसलेला असतो. १,१८० मध्ये ५९ गप्प बसतात हे खरं, पण बाकीच्या हजारातले पाच-दहा बोलायला लागतात. कारण त्यांच्यापर्यंत प्रश्न आला नसता तर त्यांनी तो विचारलाच नसता.

याचं टोकाचं उदाहरण १९९७ चं, खुद्द मायक्रोसॉफ्टमधलं. बेडलॅम डीएल३ नावाच्या अंतर्गत यादीत साधारण १३,००० माणसं होती. आपण या यादीत का आहोत हे कुणाला कळेना. एकाने लिहिलं, मला काढा. मग 'मलाही', 'मलाही'. मग 'रिप्लाय ऑल करू नका' असं सांगणाऱ्या मेलही रिप्लाय ऑलनेच. सर्व्हर आडवे झाले. प्रत्येक मेल गुणिले १३,००० होत होती. लोक चिडून जे थांबवायला लिहीत होते, त्यानेच ते वाढत होतं.

---

मंदार_ऐरोली | ९.५१

आता तसं होत नाही. मायक्रोसॉफ्टने रिप्लाय ऑलचं वादळ अडवणारी सोय आणली आहे ना.

---

मेलमास्तर | १०.०८

आणली, २०२० मध्ये. सुरुवातीला तिचा हिशेब असा होता: ५,००० पेक्षा जास्त जणांना गेलेल्या एकाच धाग्यावर ६० मिनिटांत १० रिप्लाय ऑल झाले, तर पुढचे चार तास त्या धाग्यावरचे रिप्लाय ऑल अडवायचे. नंतर हे आकडे ॲडमिनला बदलता येऊ लागले, पण माणसांची मर्यादा १,००० च्या खाली नेता येत नाही. १,१८० ची यादी त्यात बसते, पण ॲडमिनने मर्यादा तेवढी खाली आणली असेल तरच. १६० जणांच्या यादीला ही सोय कधीच लागू होणार नाही.

त्यापेक्षा यादीला कोण लिहू शकतं हेच आवळणं भक्कम. एक्स्चेंजमध्ये ॲडमिन हे करतो:

```
Set-DistributionGroup "mumbai-all" -AcceptMessagesOnlyFromSendersOrMembers "admin-desk"
```

मग बाकी कुणीही त्या यादीला लिहिलं तर मेल नाकारली जाते आणि तसं त्याला कळतं. इथेही एक फट आहे. कुणी उत्तर देताना यादीच्या नावाशेजारचं अधिकाचं चिन्ह दाबून ती उलगडली, तर यादी जाऊन तिथे १,१८० सुटे पत्ते येतात. ती मेल यादीला गेलेलीच नसते, प्रत्येकाला स्वतंत्र जाते, त्यामुळे हे कुलूप तिला लागत नाही. 'मी नेमकं कुणाला पाठवतोय' हे बघायला म्हणून लोक ते चिन्ह दाबतात. पुन्हा मिटवायची सोय नसते. दाबलं असेल तर ते सगळे पत्ते पुसून यादीचं नाव नव्याने टाका, नाहीतर तो मसुदाच रद्द करा.

किती जणांना जाणार हे बघायला उलगडायची गरजही नसते. आउटलुकमध्ये पत्त्यांच्या वर एक पट्टी येते आणि आकडा सांगते. ॲडमिनने बदललं नसेल तर २५ पेक्षा जास्त माणसं असली की ती दिसते. पाठवण्याआधी ती वाचायची एवढी एक सवय पुरते.

---

नीरजा | १०.२०

आणि समजा चुकून गेलीच, तर रिकॉल?

---

शब्दकात्री | १०.२६

त्यावर भरवसा नको. संस्थेबाहेरच्या पत्त्यांवर गेलेली मेल रिकॉल होत नाही, आणि अशा याद्यांत बस कंत्राटदाराचा पत्ताही असू शकतो. म्हणून तर कर्मचारी क्रमांक आधी काढला. त्यापेक्षा मेल निघायच्या आधी अडवा. जीमेलमध्ये सेटिंगमध्ये `Undo Send` ३० सेकंदांवर ठेवा. जुन्या आउटलुकमध्ये पाठवलेली मेल काही मिनिटं रोखून धरणारा नियम लावता येतो, दोन मिनिटंसुद्धा पुरतात. चूक दिसते ती पाठवल्यावर पहिल्याच मिनिटात.

---

कांजूरकर | शनिवार, सकाळी १०.१५

शब्दकात्रींचा मसुदा काल रात्री दोघांनाच पाठवला. पास आणि तक्रारीच्या मेल वेगळ्या केल्या. मेल पाठवणाऱ्या बाईंचं लगेच आपोआप उत्तर आलं: सोमवारपर्यंत रजेवर. डेस्ककडून काही नाही. मूळ धाग्यावर आता नऊ उत्तरं झालीत, त्यातली दोन पूर्व-पश्चिमबद्दल आणि एकमेकांच्या विरुद्ध. आता तरी सगळ्यांना लिहू का?

---

जुई_मुलुंड | १०.२१

आता नक्की. "दोन ठिकाणी दोन गोष्टी लिहिल्या आहेत, निघण्याआधी खात्री करा" एवढं तर खरं आहे ना? खरी गोष्ट सांगायला परवानगी कशाला?

---

मेलमास्तर | १०.५५

खरी आहे, पण अर्धी आहे. 'खात्री करा' म्हटलं की लोक विचारणार कुणाला? त्याच धाग्यावर. आधी मेल सोडून फोन करा. शनिवारी डेस्क बंद असेल, पण सोमवारी बस घेऊन येणारा कंत्राटदार आणि गेटवरचा सुरक्षा कक्ष चालू असतो. गाडी कुठे लावायची हे कंत्राटदाराला आधीच सांगितलेलं असणार. त्याच्याकडून कळलं आणि डेस्कच्या कुणीतरी दुजोरा दिला, की लिहा. बसवाल्यांची वेगळी यादी असेल तर तिलाच.

आणि नऊ उत्तरांच्या त्या धाग्यावर लिहू नका. इतकी उत्तरं पडल्यावर बऱ्याच जणांनी तो धागा आउटलुकमध्ये `Ignore` किंवा जीमेलमध्ये `Mute` केलेला असतो. आउटलुकमध्ये तसं केलं की पुढची उत्तरं सरळ डिलिटेडमध्ये जातात, जीमेलमध्ये इनबॉक्सला न येता सरळ अर्काइव्हमध्ये जातात. तुमची दुरुस्ती नेमकी त्यांनाच दिसणार नाही. नवीन मेल, नवीन विषय.

---

जुई_मुलुंड | ११.०२

म्यूटचं लक्षात आलं नव्हतं. पण फोन लागलाच नाही, तर रविवारी रात्री मी तरी इशारा देईनच. कुणी धाग्यावर गोंधळ घालेल म्हणून १६० जणांना अंधारात ठेवणं मला पटत नाही.

---

मेलमास्तर | ११.०६

१६० च्या यादीला, `Bcc` ने, तर माझी हरकत नाही. १,१८० ला माझी अजूनही आहे.

---

कांजूरकर | शनिवार, दुपारी १.४०

कंत्राटदाराकडून कळलं, पश्चिम. डेस्कच्या एकाने फोनवर दुजोरा दिला आणि 'तुम्हीच कळवा' म्हणाले. बसवाल्यांची यादी आहे, १६३ जण. हे पाठवतोय:

> विषय: दुरुस्ती: सोमवारची ८.४० ची बस कांजूरमार्ग पश्चिमेहून
>
> ही मेल बस वापरणाऱ्यांच्या यादीला पाठवली आहे.
> सोमवारपासून सकाळी ८.४० ची बस कांजूरमार्ग पश्चिम इथून सुटेल. वेळापत्रकातलं 'पूर्व' चुकीचं आहे. बस डेस्कने फोनवर दुजोरा दिला आहे.
> प्रश्न असल्यास बस डेस्कला लिहावं.

To मध्ये मी आणि डेस्क, यादी `Bcc` मध्ये.

---

शब्दकात्री | १.४८

एकच बदल. 'सोमवारपासून'च्या पुढे तारीख घाला, विषयातही आणि आतही. रजेवरून येणारा ही मेल पुढच्या आठवड्यात उघडेल आणि त्याला कोणता सोमवार ते कळणार नाही. आणि To मधून डेस्क काढा. तो पत्ता मजकुरात लिहा. To मध्ये राहिला तर प्रत्येक 'थँक यू' रिप्लाय ऑलने त्यांच्याकडेही जाईल.

---

कांजूरकर | १.५३

दोन्ही केलं. पाठवली.